क्लोजिंग मॅनेजरची ऑफर: वर्षाला १४ लाख इन्सेंटिव्ह नेमकं कुणाला मिळतं?

प्रश्न: मी पुण्यात चार वर्षं बँकेच्या होम लोन सेल्समध्ये आहे. हातात ३६ हजार येतात, शिवाय महिन्याला सरासरी ८-९ हजार इन्सेंटिव्ह. आता हिंजवडी पट्ट्यातल्या एका बिल्डरकडून क्लोजिंग मॅनेजरची ऑफर आहे. फिक्स ४२ हजार. टार्गेट तिमाहीला ९ फ्लॅट. ५ पेक्षा कमी झाले तर इन्सेंटिव्ह नाही, ५-६ झाले तर फ्लॅटमागे १५ हजार, ७-८ ला २५ हजार आणि ९ पासून पुढे ४० हजार, तेही पहिल्या फ्लॅटपासून. साइटवर पाच क्लोजर, म्हणजे आलेल्या गिऱ्हाईकाचं बुकिंग पक्कं करणारे विक्रेते, आहेत. एचआर म्हणते, "वर्षाला १४ लाख आरामात होतात." हे खरं आहे का, ते कसं तपासायचं, आणि ऑफर घ्यावी का?

उत्तर:

१४ लाख आले कुठून ते आधी पाहू. ९ फ्लॅट गुणिले ४० हजार म्हणजे तिमाहीला ३ लाख ६० हजार, आणि चार तिमाह्यांचे १४ लाख ४० हजार. आकडेमोड बरोबर आहे. फक्त त्यात असं धरलंय की तुम्ही पावसाळ्यात, पितृपक्षात आणि परीक्षांच्या दिवसांतही पूर्ण टार्गेट कराल, तुमचं एकही बुकिंग रद्द होणार नाही आणि प्रत्येक गिऱ्हाईक वेळेत करारनामा नोंदवेल. मी सतरा वर्षं पुण्यात फ्लॅट विकतोय, त्यातली शेवटची सहा टीम सांभाळतोय आणि असे स्लॅबचे तक्ते स्वतः बनवले आहेत. चारही तिमाह्यांत सगळ्यात वरचा स्लॅब गाठलेला क्लोजर मी अजून पाहिलेला नाही. एखाद्या तिमाहीत गाठणारे पाहिले आहेत, आणि तेही बहुतेक लाँचच्या तिमाहीत.

टार्गेट कसं ठरतं हे कळलं की पुढचं सोपं जातं. पाच क्लोजर, प्रत्येकाला तिमाहीला ९, म्हणजे वर्षाला १८० फ्लॅट. हा १८० चा आकडा साइटवर किती लोक येतात यावरून काढलेला नसतो. बिल्डरने बांधकामासाठी कर्ज काढलेलं असतं, त्याचे हप्ते असतात, कंत्राटदाराची बिलं असतात. वर्षाला किती पैसा आत यायला हवा हे वरच्या मजल्यावर ठरतं, त्याला फ्लॅटच्या सरासरी किमतीने भागतात, वर थोडी वाढ धरतात आणि येणारी संख्या टीमच्या माणसांमध्ये वाटून टाकतात. टार्गेट हे कंपनीच्या गरजेचं माप असतं. म्हणून "टार्गेट किती" याच्या जोडीला "गेल्या वर्षी या साइटवर खरोखर किती विकले गेले" हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि आपल्याकडे याचं उत्तर मिळवायला एचआरवर अवलंबून राहावं लागत नाही. रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार प्रवर्तकाला दर तिमाहीला किती आणि कोणत्या प्रकारच्या सदनिका बुक झाल्या ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकावं लागतं. महारेराच्या साइटवर जा, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घाला (तो प्रत्येक होर्डिंगवर आणि ब्रोशरवर छापलेला असतो), इमारतीनिहाय एकूण सदनिका आणि बुक झालेल्या सदनिका पाहा, आणि मागच्या तिमाही अहवालांशी ताडून बघा. तिमाही कागदपत्रांमध्ये सीएचं प्रमाणपत्र असतं, त्यात विकलेल्या आणि न विकलेल्या सदनिकांची यादी असते. ते उघडता आलं तर किमतीही कळतात आणि कोणते फ्लॅट शिल्लक आहेत तेही कळतं. नोकरी शोधणाऱ्या सेल्सच्या माणसाने हे पाहिल्याचं मला फार क्वचित दिसलं आहे. फ्लॅट घेणारे पाहतात, विकणारे पाहत नाहीत.

तुमच्यासारख्याच एका साइटचा हिशेब मांडून दाखवतो. गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका मुलाला ऑफर आली होती, तेव्हा आम्ही दोघांनी बसून तो केला होता. तीन टॉवर, ३०० फ्लॅट, पाच क्लोजर. वर्षापूर्वी बुक झालेले ११८, आणि आम्ही पाहिलं तेव्हा १८२. म्हणजे वर्षात ६४. कंपनीचं टार्गेट तुमच्याइतकंच, १८० च्या आसपास. अख्ख्या टीमने मिळून टार्गेटच्या साधारण एक तृतीयांश काम केलं होतं, आणि ती टीम वाईट नव्हती. ६४ ला पाचाने भागलं की माणशी वर्षाला तेरा, म्हणजे महिन्याला एकापेक्षा किंचित जास्त.

या आकड्याकडे पाहताना थोडी काळजी घ्यायची. जागामालकाच्या वाट्याचे फ्लॅट आणि एखाद्या गुंतवणूकदाराने एकगठ्ठा घेतलेले फ्लॅट कधीकधी त्यात मिसळलेले असतात, आणि त्यांचं इन्सेंटिव्ह कुठल्याच क्लोजरला मिळत नाही. काही बिल्डर करारनामा नोंदल्यावरच सदनिका बुक दाखवतात, त्यामुळे आकडा दोन-तीन महिने मागे असतो. आणि त्या वर्षात एखादा नवा टॉवर उघडला असेल तर पहिल्या दोन महिन्यांत संख्या एकदम उसळते, ती पुढे टिकत नाही. तरी सुद्धा मुलाखतीत ऐकलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा हा जास्त भरवशाचा आहे.

दुसऱ्या बाजूनेही पडताळा घ्या. एका रविवारी दुपारी अकरा ते पाच आणि एका गुरुवारी साइटवर जाऊन या. सेल्स ऑफिसबाहेर गाडीत बसलात तरी कळतं. नव्याने येणारी कुटुंबं मोजा. सेल्स टीमची सुट्टी आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, बहुतेक ठिकाणी मंगळवारी असते, म्हणून तो दिवस टाळा. माझ्या उदाहरणातल्या साइटवर आठवड्याला तीसेक वॉक-इन होते, महिन्याला १२०, म्हणजे क्लोजरमागे २४. माझ्या अनुभवात पहिल्यांदा येणाऱ्या वीस कुटुंबांतलं एखादं पुढे बुकिंगपर्यंत पोहोचतं. चांगला प्रकल्प आणि बरा भाव असेल तर पंधरातलं एक. विसातलं एक धरलं तर २४ मध्ये साधारण सव्वा. रेराचा आकडा आणि दारातली मोजणी दोन्ही एकाच जागी येऊन थांबली. महिन्याला तीन फ्लॅट करायचे तर प्रत्येकाच्या टेबलावर महिन्याला साठेक कुटुंबं यायला हवीत. तेवढी येतच नसतील तर तुमचं बोलणं कितीही चांगलं असलं तरी ९ होणार नाहीत.

आता सरासरीची गोष्ट. माणशी तेरा हे कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. पाचातल्या एकीने २४ केले होते आणि उरलेल्या चौघांनी दहा-दहा. ती बाई कर्तबगार आहे यात शंका नाही, पण ती साइटवर पहिल्या दिवसापासून होती. जुन्या ग्राहकांचे रेफरन्स तिच्याकडे येत, चॅनल पार्टनर, म्हणजे गिऱ्हाईक आणणारे दलाल, आपलं पक्कं गिऱ्हाईक तिच्याकडेच बसवा म्हणून आग्रह धरत, आणि साइट हेडसुद्धा मोठं वॉक-इन तिलाच देई. नवीन माणूस रुजू होतो तो बाकीच्या चौघांच्या रांगेत, आणि पहिले काही महिने त्यांच्याही मागे. म्हणून तुम्ही जेव्हा "टीममधल्या माणसाला किती मिळतं" असं विचाराल तेव्हा "सगळ्यात वरच्याला किती" हे उत्तर स्वीकारू नका. पाचांपैकी तिसऱ्या नंबरच्या माणसाला गेल्या चार तिमाह्यांत किती मिळालं, असं विचारा.

या वाटणीला तुमचे स्लॅब लावून पाहू. दहा फ्लॅट वर्षभर सारखे पसरत नाहीत. एप्रिल ते जून दोन, पावसाळ्याच्या तिमाहीत एक, दसरा-दिवाळीच्या तिमाहीत पाच, आणि जानेवारी ते मार्च दोन, असं धरा. पाचाच्या खाली काहीच नाही, म्हणून तीन तिमाह्या कोरड्या. दिवाळीच्या तिमाहीत पाच गुणिले १५ हजार, ७५ हजार. वर्षाचं इन्सेंटिव्ह ७५ हजार. आणि ती २४ वाली? तिचे ४, ५, ९ आणि ६ धरले, तर पहिल्या तिमाहीत शून्य, मग ७५ हजार, मग ३ लाख ६० हजार, मग ९० हजार. एकूण ५ लाख २५ हजार. साइटवरच्या सगळ्यात चांगल्या माणसाला १४ लाखांच्या निम्मेही मिळत नाहीत, आणि तिच्यापेक्षा निम्म्याहून कमी फ्लॅट विकणाऱ्याला तिच्या सातव्या हिश्शाइतकं मिळतं.

पहिल्या फ्लॅटपासून वरचा दर देणारा तक्ता दिसायला उदार असतो, पण सगळा भार एका उंबरठ्यावर टाकतो. तुमच्या तक्त्यात आठवरून नवावर गेलं की तिमाहीचे २ लाखांचे ३ लाख ६० हजार होतात, एका फ्लॅटने १ लाख ६० हजारांचा फरक पडतो. चारावरून पाचावर गेलं की शून्याचे ७५ हजार होतात. त्यामुळे नेमका कोणता फ्लॅट कोणत्या तिमाहीत मोजला जातो यावर वर्षाची कमाई ठरते, आणि सगळे वादही तिथेच होतात.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: स्लॅबसाठी फ्लॅट कोणत्या तारखेला मोजतात? टोकन दिलं त्या तारखेला, १० टक्के जमा झाले त्या तारखेला, की करारनामा नोंदला गेला त्या तारखेला? बहुतेक कंपन्या नोंदणीची तारीख धरतात. वरच्या दहा फ्लॅटवाल्याची दिवाळीतली पाच बुकिंगं घ्या. तिघांनी डिसेंबरच्या आत नोंदणी केली आणि दोघांची जानेवारीत गेली, की त्या तिमाहीत तीन आणि पुढच्यात दोन अधिक तिथली जी नोंदली जातील ती. दोन्हीकडे पाच न भरता वर्षाचे ७५ हजारही गेले. विक्री तीच, गिऱ्हाईकं तीच, आणि हातात शून्य.

नोंदणी उशिरा का होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, कारण तुम्ही होम लोनमधले आहात. ८० लाखांचा फ्लॅट घ्या. रेराच्या कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, म्हणजे ८ लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, त्यामुळे ग्राहकाचे स्वतःचे किमान १६ लाख लागतात. वर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, ५ लाख ६० हजार (खरेदी बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर एक टक्का कमी), आणि ३० हजार नोंदणी फी. जीएसटी वेगळाच. नोंदणीच्या दिवशी ग्राहकाला आधीच्या ८ लाखांखेरीज आणखी सहा-सात लाख रोख उभे करायचे असतात, आणि बँकेचा पहिला हप्ता सुटायच्या आत स्वतःचा वाटा भरायचा असतो. आमच्याकडे या वाट्याला ओसीआर म्हणतात आणि क्लोजरच्या तोंडात दिवसभर तोच शब्द असतो. कुणाची एफडी मोडायची असते, कुणाला गावाकडची जमीन विकायची असते, कुणाचा जुना फ्लॅट अजून गेलेला नसतो.

आणि बुकिंग मोडतंही. महारेराच्या नमुना वाटप पत्रात पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काहीच कपात नाही, पुढे दिवसांप्रमाणे १ ते २ टक्के. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण शनिवार-रविवारच्या ऑफरमध्ये घाईने घेतलेलं टोकन पुढच्या आठवड्यात परत मागितलं जातं, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो पडलेल्या बुकिंगांपैकी बरीच इन्सेंटिव्हच्या शीटवर कधीच येत नाहीत. मुलाखतीत "आमच्या टीमने गेल्या महिन्यात १८ केले" असं ऐकलंत तर पुढचा प्रश्न हाच: त्यातले नोंदले गेले किती?

पैसे हातात पडायला किती वेळ लागतो तेही एका फ्लॅटवर मोजून पाहा. दसऱ्याला टोकन, ऑक्टोबरच्या शेवटी १० टक्के पूर्ण, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोंदणी. बऱ्याच योजनांत इथे इन्सेंटिव्ह पिकत नाही. एकूण किमतीच्या २० किंवा २५ टक्के रक्कम कंपनीच्या खात्यात जमा व्हावी लागते, म्हणजे ओसीआर अधिक बँकेचा पहिला हप्ता. तो जानेवारीत येतो. मग तिमाही संपायची वाट, मार्चअखेर. एप्रिलमध्ये ग्राहकांचं काम पाहणारा सीआरएम विभाग आणि अकाउंट्स शीट जुळवतात, सेल्स हेडची सही, डायरेक्टरची सही. पैसे मेच्या पगारात. दसऱ्याच्या विक्रीचं फळ उन्हाळ्यात मिळालं, सात महिन्यांनी. नव्या नोकरीत पहिला दीड-दोन महिना तर काहीच विकलं जात नाही. तेव्हा पहिले आठ-नऊ महिने फक्त फिक्सवर घर चालेल का, हे आधी कागदावर पाहा. तुम्हाला आज महिन्याला सरासरी ४४-४५ हजार येतात. इथे ४२ येतील. आणि प्रत्येक शनिवार-रविवार, प्रत्येक सणाचा दिवस साइटवर जाईल.

प्रकल्पाला बँकांची मंजुरी, म्हणजे एपीएफ, झाली आहे का हेही तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना एका फोनवर विचारता येईल. दोन-तीन मोठ्या बँकांची मंजुरी नसेल तर हप्ते अडकतात, आणि हप्ते अडकले की तुमचं इन्सेंटिव्हही अडकतं.

यापुढचं मात्र मी स्वतः सोसलेलं आहे. २०१२ मध्ये मी एका बिल्डरकडची नोकरी सोडली तेव्हा माझे सात फ्लॅट नोंदले गेले होते, पैसे जमा झाले होते, शीटवर साइट हेडची सही झाली होती. राजीनामा दिल्यावर एचआरने योजनेच्या शेवटच्या पानावरची एक ओळ दाखवली: इन्सेंटिव्ह अदा होण्याच्या दिवशी कर्मचारी कंपनीत कार्यरत असला पाहिजे आणि नोटीस पिरियडमध्ये नसला पाहिजे. मी ती ओळ कधी वाचलीच नव्हती, कारण ते पान मला कुणी दिलं नव्हतं आणि मीही मागितलं नव्हतं. सहा महिन्यांची कमाई गेली. लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि घरी सांगायला मला चार दिवस लागले. तेव्हापासून मी योजना स्वतः लिहितो तेव्हा त्यात एक कलम घालतो, की राजीनाम्याच्या तारखेपर्यंत नोंदणी झालेल्या फ्लॅटचं इन्सेंटिव्ह माणूस गेल्यावरही द्यायचं. मालकांशी यावरून दोनदा भांडलो आहे आणि पुढेही भांडेन.

म्हणून ऑफर लेटरवर सही करायच्या आधी इन्सेंटिव्ह योजनेची पूर्ण प्रत मागा, चालू वर्षाची. "जॉइन झाल्यावर मिळेल" असं म्हणाले तर ई-मेलवर मागा. ऑफर लेटरमध्ये बहुधा एवढंच असतं की कंपनीच्या धोरणानुसार इन्सेंटिव्ह लागू, आणि ते धोरण कंपनी केव्हाही बदलू शकते. प्रत हातात आली की चार जागा वाचा: कोणत्या तारखेला फ्लॅट मोजतात, किती टक्के जमा झाल्यावर इन्सेंटिव्ह पिकतं, बुकिंग पुढे रद्द झालं तर दिलेले पैसे कापून घेतात का आणि किती काळापर्यंत, आणि सोडून गेल्यावर काय. त्यातच चॅनल पार्टनरच्या, म्हणजे सीपीच्या, फ्लॅटचं काय ते पाहा. पुण्यात मोठा धंदा सीपीमार्फत येतो, आणि बऱ्याच कंपन्या त्या फ्लॅटला निम्मं इन्सेंटिव्ह देतात किंवा निम्मा फ्लॅट मोजतात, कारण सीपीला दलाली दिलेली असते. तुमच्या साइटवर दहातले सहा सीपीचे असतील आणि ते निम्मे मोजले जात असतील, तर दहाचे सातच झाले. सीटीसीमध्ये इन्सेंटिव्हची रक्कम मिळवलेली असेल तर ती वजा करून उरलेल्याला पगार समजा.

मुलाखतीत हे विचारायला संकोच वाटतो, मला कळतं. पण सेल्स हेडला हे प्रश्न आवडतात. जो माणूस स्वतःची ऑफर नीट तपासतो तो ग्राहकाचे प्रश्नही नीट हाताळेल, असं मी तरी समजतो. एचआरला विचारू नका, तिच्याकडे ही माहिती नसते. सेल्स हेडला तीन गोष्टी विचारा: गेल्या तिमाहीत पाचांपैकी किती जणांना इन्सेंटिव्ह मिळालं, सगळ्यात अलीकडे दिलेलं इन्सेंटिव्ह कोणत्या तिमाहीचं होतं, आणि ज्याच्या जागी मला घेताय तो किती महिने होता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. आज डिसेंबर असेल आणि शेवटचं दिलेलं इन्सेंटिव्ह मार्च तिमाहीचं असेल, तर कंपनीकडे रोख कमी आहे, आणि ती पुढेही तुमचेच पैसे आधी थांबवेल, कारण सिमेंटवाला थांबत नाही. शिवाय त्या साइटवरून गेल्या वर्षात सोडून गेलेल्या एकाला गाठा. शहरातल्या क्लोजरांचं जग लहान आहे, दोन सीपींना विचारलंत की नंबर मिळतो. त्याला विचारा, "तुझे किती अडकले?"

आता तुमचा निर्णय. तुमच्या साइटचा रेराचा आकडा तुम्ही काढेपर्यंत मी माझ्या उदाहरणाइतकाच वेग धरतो. तिसऱ्या नंबरच्या माणसाप्रमाणे फिक्सचे ५ लाख ४ हजार आणि इन्सेंटिव्हचे फार तर ७५ हजार, तेही पुढच्या वर्षी हातात. आज तुम्ही ५ लाख ३० हजारांच्या पुढे-मागे आहात, आणि ते दर महिन्याला येतात. एवढ्यासाठी मी सोडणार नाही. १४ लाख डोळ्यांसमोर ठेवून तर नक्कीच नाही.

पण ऑफर बदलून घेता येते, आणि तुमच्याकडे त्यासाठी जोर आहे. कर्जाची फाइल तुम्हाला कळते. ग्राहकाची पात्रता टेबलावरच काढून, ओसीआर कुठून येईल ते त्याच बैठकीत ठरवून तुम्ही बुकिंग ते नोंदणी हा काळ दोन महिन्यांवरून एकावर आणू शकता. बिल्डरला विक्रीइतकीच याची गरज असते, तेव्हा मुलाखतीत हेच पुढे ठेवा. मागताना सगळ्यात आधी फिक्स ५० हजार मागा. ते जमत नसेल तर पाचाची अट काढून पहिल्या फ्लॅटपासून १० हजार मागा. दहा फ्लॅटचे सरळ १ लाख होतात आणि नोंदणी कोणत्या तिमाहीत गेली याने फरक पडत नाही. तेही नाही तर पहिल्या दोन तिमाह्या टार्गेटशिवाय आणि महिन्याला १० हजार हमीचे, पुढच्या इन्सेंटिव्हमधून वळते न करता. यातलं काहीतरी ते देतील. एकही द्यायला तयार नसतील तर तुमच्या १४ लाखांवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नाही.

एक शक्यता मात्र वेगळी आहे. तुम्हाला सांगितलं असेल की नवा टॉवर लवकरच उघडतोय. लाँचच्या वेळी खरंच पैसा होतो. ती २४ वाली ज्या साइटवर नाव कमावून आली होती, तिथे तिने एका लाँच तिमाहीत १४ फ्लॅट नोंदवले होते. पण रेराच्या नोंदणीशिवाय टॉवरची जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही, आणि "लवकरच" म्हणता म्हणता परवानग्यांमध्ये वर्ष जातं. महारेराच्या साइटवर त्या टॉवरची स्वतंत्र नोंदणी दिसते का पाहा. दिसत असेल आणि तुम्ही लाँचच्या आधी किमान दोन महिने रुजू होणार असाल, म्हणजे सीपींशी ओळख होईल आणि इच्छुकांची यादी तुमच्या हातातून तयार होईल, तर ४५ हजार फिक्सवरही मी ही उडी घेईन. नोंदणी दिसत नसेल, तर सध्याच्या टॉवरमध्ये काय उरलंय ते बघून ठरवा. खालचे मजले, रस्त्याकडचे टू बीएचके आणि मोठे थ्री बीएचके एवढेच उरले असतील, तर गेल्या वर्षीचा वेगही पुढच्या वर्षी मिळणार नाही.